लांबलेल्या चॅटच्या शेवटी पाच उत्तरांचा पाच ओळींत गोषवारा कसा लिहावा

संध्याकाळी एका प्रश्नाने सुरू झालेलं चॅट रात्रीपर्यंत पाच प्रश्नांवर पोहोचतं, हे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. विचारणारा एकच, उत्तर देणारा एकच, पण विषयांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसतो. शेवटी समोरून मेसेज येतो: ‘सगळं एकदा थोडक्यात टाक ना, मला पुन्हा वर जाऊन शोधायला नको.’ हा शेवटचा मेसेज मी मन लावून लिहिते, कारण दुसऱ्या दिवशी उघडला जातो तो तेवढाच. वरची दोनशे मेसेजांची चर्चा कुणी पुन्हा वाचत नाही. म्हणजे गोषवाऱ्यातून जे सुटलं ते समोरच्यासाठी सुटलंच, आणि त्यात जे चुकीचं उतरलं ते तसंच अमलात येतं.

तो कसा लिहायचा, हे एका खऱ्या धाटणीच्या चॅटवर दाखवते. भाचीने मला विचारलेले पाच प्रश्न असे होते. कुंडीतल्या मनीप्लांटची पानं पिवळी का पडतात? कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये चुकीची फाइल कमिट झाली, म्हणजे नोंदवली गेली, ती मागे कशी घ्यायची? सात वर्षांच्या मुलाला दुपारपासून जुलाब होतायत, ओआरएसचं पाकीट घरात नाही, तोवर काय द्यायचं? व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो १२ × १८ इंचात छापून चौकटीत लावता येईल का? आणि जुना फोन वर्षभर कपाटात ठेवायचा आहे, तर बॅटरी खराब होऊ नये म्हणून काय करायचं?

पायरी १: आधी प्रश्न गोळा करा, उत्तरं नंतर

बहुतेक जण चॅट वर सरकवत जातात आणि आपली उत्तरं दिसतील तशी आखूड करत सुटतात. इथेच घोटाळा होतो, कारण चॅटमध्ये विषय सरळ रांगेत येत नाहीत. कुंडीबद्दल बोलताना मध्येच जुलाबाचा प्रश्न आला, त्याचं उत्तर देईपर्यंत कुंडीचा फोटो आला, मग गिटची चूक दाखवणारा स्क्रीनशॉट. ‘हो, तेच कर’ असा तुमचाच मेसेज अर्ध्या तासाने वाचलात, तर तो कुंडीबद्दल होता की फोनबद्दल, हे तुम्हालाही चटकन सांगता येत नाही.

म्हणून एका कागदावर किंवा नोट्समध्ये फक्त प्रश्न लिहा, तेही एकेका शब्दात: कुंडी, कमिट, जुलाब, फोटो, फोन. मग एकच विषय मनात धरून पूर्ण चॅट बघा, बाकीच्याकडे दुर्लक्ष करा. पाच विषयांसाठी पाच फेऱ्या होतील. एकाच फेरीत सगळं उचलण्यापेक्षा हे सोपं जातं, कारण प्रत्येक वेळी तुम्ही एकच गोष्ट शोधत असता. ‘त्याला’, ‘ते’, ‘तसं’ असे शब्द असलेल्या मेसेजांवर थोडं थांबा आणि ते कशाला उद्देशून होते ते आगेमागे पाहून नक्की करा. चॅट चालू असतानाच प्रत्येक उत्तर मूळ प्रश्नावर बोट ठेवून ‘रिप्लाय’ करत दिलं असेल, तर ही मेहनत जवळजवळ वाचते.

या फेरीत उत्तर न मिळालेला एखादा प्रश्नही सापडतो. त्याला पाचांच्या यादीत घुसवू नका. खाली वेगळ्या ओळीत ‘राहिलेलं’ असं लिहून ठेवा, म्हणजे उत्तर मिळालं असा समज होणार नाही.

पायरी २: शेवटी टिकलेलं उत्तर शोधा

गोषवाऱ्यातली सगळ्यात घातक चूक इथे होते. चॅटमध्ये दिलेलं पहिलं उत्तर नेहमी शेवटपर्यंत टिकत नाही. भाचीने पानं पिवळी पडल्याचं सांगितलं, माती वरून कोरडी दिसते असंही सांगितलं. तेवढ्या माहितीवर उत्तर होतं, ‘पाणी थोडं वाढवून बघ.’ चाळीस-एक मेसेजांनंतर तिने कुंडीचा फोटो पाठवला. खालच्या बशीत पाणी साचलं होतं. तिला मातीत बोट घालायला सांगितलं, तर दोन इंच आत माती ओलीगच्च होती. मुळं सतत पाण्यात राहिली की त्यांना हवा मिळत नाही, ती कुजायला लागतात आणि पानं पिवळी पडतात. वरचा थर मात्र हवेने सुकतो आणि फसवतो. म्हणजे उत्तर पूर्ण उलटलं: पाणी वाढवायचं नाही, थांबवायचं.

आता गोषवारा लिहिणाऱ्याने वरून खाली येताना पहिलं उत्तर उचललं आणि पुढच्या विषयाकडे वळला, तर भाची उद्यापासून पाणी वाढवेल आणि झाड मरेल. म्हणून प्रत्येक विषयाची फेरी खालून वर करा. त्या विषयावरचा शेवटचा मेसेज आधी वाचा, मग वर जात राहा आणि तो कशाने ठरला ते बघा. ‘अच्छा, मग तसं असेल तर’, ‘थांब, हे आधी सांगितलं नव्हतंस’, ‘नको, त्यापेक्षा’ असे शब्द दिसले की समजा, उत्तर तिथे वळलं आहे. वळणाच्या आधीचं सगळं गोषवाऱ्यातून बाद.

समोरच्याने जुनं उत्तर वाचून आधीच काही केलं असण्याची शक्यता असेल, तर नव्या उत्तराच्या ओळीत जुन्याला स्पष्ट नकार द्या. ‘वरून कोरडी दिसली तरी पाणी नको’ हे ‘माती तपासून पाणी घाल’ यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे, कारण भाचीच्या डोक्यात ‘पाणी वाढव’ अजून बसलेलं आहे.

पायरी ३: ओळ बांधा

‘एका ओळीत’ म्हणजे स्क्रीनवरची एक रांग नव्हे. मोबाइलवर पाच-सहा शब्दांतच रांग संपते. एक ओळ म्हणजे एक वाक्य, जे एका दमात वाचून होतं. त्या वाक्यात सुरुवातीला विषयाचं नाव हवं, मग काय करायचं ते, मग आकडा असेल तर आकडा, आणि ज्या अटीवर हे उत्तर खरं आहे ती अट. कारण, इतिहास, ‘मी म्हटलं होतं ना’ हे सगळं वर चॅटमध्येच राहू द्या. कारण ओळीत आणायचं ते फक्त तेव्हा, जेव्हा ते नसल्यामुळे माणूस चुकीचं वागेल.

ओळ आखूड करताना सगळ्यात आधी गळते ती अट, आणि नेमकी तीच गळू द्यायची नसते. गिटचं उदाहरण घ्या. भाचीचा शेवटचा कमिट मागे घ्यायचा होता, पण केलेलं काम हातात राहायला हवं होतं. चॅटमध्ये ठरलेली कमांड ही:

```
git reset --soft HEAD~1
```

ही शेवटचा कमिट काढते आणि फाइलींतले बदल जसेच्या तसे ठेवते. मग नको ती फाइल बाजूला करून पुन्हा कमिट करता येतं. पण हे उत्तर देण्याआधी तिला एक प्रश्न विचारला होता: पुश केलंस का, म्हणजे तो कमिट सगळ्यांच्या सामाईक सर्व्हरवर पाठवलास का? ती ‘नाही’ म्हणाली म्हणून ही कमांड. पुश झालं असतं आणि त्याच शाखेवर इतर लोकही काम करत असते, तर इतिहासातून कमिट उडवल्याने त्यांच्या प्रतींशी ताळमेळ बिघडला असता. तिथे उत्तर `git revert HEAD` असतं, जे जुना कमिट जागेवर ठेवून त्याला उलटवणारा नवा कमिट जोडतं.

आता गोषवाऱ्यात ‘कमिट मागे घ्यायला रिसेट वापर’ एवढंच लिहिलं, तर दोन गोष्टी हरवल्या. पुश न झाल्याची अट गेली, आणि `--soft` हा शब्द गेला. दोन महिन्यांनी भाची ही ओळ वाचेल, रिसेट कसं करायचं ते कुठेतरी शोधेल आणि तिला `--hard` असलेली कमांड सापडेल. ती कमांड कमिट न केलेले बदल पुसून टाकते. ओळ चार शब्दांनी छोटी झाली आणि दिवसभराचं काम गेलं.

अट हवी की नको, हे ठरवायला मी स्वतःला एक प्रश्न विचारते: चॅटमध्ये उत्तर देण्याआधी मी समोरच्याला काय विचारलं होतं? जे विचारावं लागलं, त्याच्या उत्तरावर माझं उत्तर उभं आहे. ते ओळीत ‘…नसेल तरच’ किंवा ‘…असेल तेव्हा’ म्हणून यायलाच हवं.

पायरी ४: आकडे आणि मापं हातात धरून उतरवा

आकडे आठवणीतून लिहू नका. चॅटमधल्या मेसेजवर बोट ठेवून एकेक आकडा, त्याचं माप आणि ते कशाचं माप आहे हे तिन्ही उतरवा.

जुलाबाच्या उत्तरात हे सगळ्यात कडकपणे पाळायचं. पाकीट मिळेपर्यंत घरी करायचं मिश्रण असं: १ लिटर स्वच्छ पाणी, सपाट भरलेले ६ छोटे चमचे साखर, सपाट भरलेला अर्धा छोटा चमचा मीठ. छोटा चमचा म्हणजे चहाचा, ५ मिलिलिटरचा. ‘पाण्यात ६ चमचे साखर, अर्धा चमचा मीठ’ अशी ओळ डोळ्यांना बरोबर वाटते, कारण दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण १ लिटर गळलं. वाचणारी व्यक्ती घाईत हेच एका पेल्यात कालवेल. पेला २०० मिलिलिटरचा असेल तर मिठाचं प्रमाण पाचपट होतं आणि जुलाबाने आधीच सुकलेल्या मुलाला ते धोक्याचं आहे. ‘सपाट’ गळलं तर शिगोशीग भरलेले चमचे पडतात. ‘छोटा’ गळलं तर हाताशी येईल तो चमचा घेतला जातो.

या ओळीत धोक्याच्या खुणाही हव्यात: शौचात रक्त, मूल सुस्त पडणं, लघवी फारच कमी किंवा बंद होणं, प्यायलेलं काहीच पोटात न राहणं. यातलं एक जरी दिसलं तरी घरच्या उपायांवर न थांबता लगेच डॉक्टर. त्यामुळे ही ओळ बाकीच्या चारांपेक्षा लांब होते. होऊ द्या. पाचही ओळी सारख्या लांबीच्या दिसाव्यात म्हणून जिवाशी संबंध असलेली ओळ छाटणं मला मुळीच मान्य नाही.

फोटोच्या उत्तरात आकड्यांची अडचण वेगळी आहे. चॅटमध्ये तिथे हिशोब होता. चांगल्या छपाईसाठी दर इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे १२ × १८ इंचासाठी ३६०० × ५४०० पिक्सेल लागतील. आलेला फोटो होता १२०० × १६०० चा. १६०० ला १८ ने भागलं तर दर इंचाला ९० पिक्सेलसुद्धा मिळत नाहीत, चेहरे फुटतील. ४ × ६ इंचाला मात्र तोच फोटो चांगला निघतो. गोषवाऱ्यात हा भागाकार आणायचा नाही, त्याचा निकाल आणायचा. ‘दर इंचाला ३०० पिक्सेल हवेत’ असा नियम लिहिला, तर भाचीला पुन्हा गणित करत बसावं लागेल. तिने नियम विचारला नव्हता, हा फोटो चालेल का ते विचारलं होतं. उत्तर ‘नाही, मात्र ४ × ६ ला चालेल’ असं आहे. आणि पुढची कृती: ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवायची, कारण साधा फोटो म्हणून पाठवला की तो पाठवतानाच लहान होतो.

फोनची ओळ सोपी आहे, तिच्यावर वेळ घालवू नका.

पायरी ५: खात्री किती आहे ते सांगा

पाच ओळी एकाखाली एक मांडल्या की सगळ्या सारख्याच ठाम वाटायला लागतात. चॅटमध्ये तसं नसतं. ओआरएसचं माप ठरलेलं आहे. मनीप्लांटबद्दल मात्र आपण फोटो आणि बोटाच्या ओलाव्यावरून अंदाज बांधलेला आहे. मुळं काढून कुणी पाहिलेली नाहीत. त्या ओळीत ‘बहुतेक’ हा एक शब्द पुरतो, पण तो हवाच, म्हणजे पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर दुसरं कारण शोधायला हवं हे तिला कळतं. उलट बाजूने, जे पक्कं आहे तिथे ‘मला वाटतं’, ‘शक्यतो’ अशी मऊ भर घालू नका. मग खऱ्या शंकेचा ‘बहुतेक’ ओळखूच येत नाही.

याच टप्प्यावर आणखी एक मोह आवरायचा असतो. लिहिता लिहिता काहीतरी नवीन सुचतं: अरे, कुंडीला खाली भोक आहे का ते विचारायचं राहिलं. ते गोषवाऱ्यात कोंबू नका. आधी वेगळा मेसेज करा, उत्तर येऊ द्या, मग ओळ लिहा. गोषवाऱ्यात फक्त दोघांमध्ये बोलून झालेलं असावं. नाहीतर ‘हे कधी ठरलं?’ असं म्हणत समोरची व्यक्ती पुन्हा वर शोधायला जाते.

पाच विषयांना जोडणारा धागाही शोधू नका. ‘एकंदरीत आज संयमाचे धडे मिळाले’ छापाची प्रस्तावना वाचणाऱ्याला कुंडीबद्दल काही सांगत नाही. विषय वेगवेगळे आहेत, तसेच वेगवेगळे राहू द्या.

पायरी ६: क्रम लावा आणि एकत्र मांडा

क्रम चॅटमध्ये प्रश्न आले तोच ठेवावा, म्हणजे कुणाला वर जाऊन तपशील पाहायचाच असेल तर सापडतो. याला एकच अपवाद मी करते: ज्या ओळीवर आज रात्रीच काही करायचं आहे, ती पहिली. इथे ती जुलाबाची. तयार गोषवारा असा झाला:

> आजचं सगळं, थोडक्यात:
>
> १. जुलाब: पाकीट मिळेपर्यंत १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ, घोट घोट पाज, शौचात रक्त, सुस्ती, लघवी फार कमी किंवा काहीच पोटात न राहणं, यातलं एकही दिसलं तर लगेच डॉक्टर.
>
> २. कुंडी: बहुतेक जास्त पाण्याने पानं पिवळी पडतायत, वरून कोरडी दिसली तरी पाणी नको, दोन इंच आत कोरडं लागलं तरच घाल आणि बशीत पाणी साचू देऊ नकोस.
>
> ३. कमिट: पुश केलेलं नसेल तरच `git reset --soft HEAD~1`, केलेलं काम तसंच राहतं.
>
> ४. फोटो: १२ × १८ इंचाला हा पुरणार नाही, ४ × ६ ला चालेल, मोठा हवा तर मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागव.
>
> ५. फोन: साधारण ५०% चार्ज करून पूर्ण बंद कर, थंड आणि कोरड्या जागी ठेव, दर सहा महिन्यांनी पुन्हा ५०% पर्यंत चार्ज कर.

आता वरचं चॅट झाकून प्रत्येक ओळ एकटी वाचा. तिसरी ओळ भाचीने उद्या ऑफिसमधल्या मैत्रिणीला फॉरवर्ड केली, तर तिला कळेल का? कळेल, अटही सोबत गेली आहे. ‘वर सांगितलं तसं’, ‘तेच माप’, ‘आधीसारखं’ असा एकही शब्द ओळीत असेल तर ती एकटी उभी राहत नाही. ‘हा पुरणार नाही’ यातला ‘हा’ इथे चालून जातो, कारण भाचीकडे तो एकच फोटो आहे. दोन असते तर कोणता ते लिहावं लागलं असतं.

पायरी ७: पाठवण्याआधी आणि पाठवल्यानंतर

कमांड असलेली ओळ फोनवरून पाठवताना डोळ्यांत तेल घालून बघा. आयफोनचा कीबोर्ड लागोपाठ दोन डॅश टाइप केले की त्यांची एक लांब रेघ करतो. ‘स्मार्ट पंक्च्युएशन’ नावाची सेटिंग चालू असेल तर हे आपोआप होतं. मग `--soft` ऐवजी वेगळंच चिन्ह जातं आणि गिट ते ओळखत नाही. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून चूक सापडतही नाही. कमांड टाइप न करता मूळ मेसेजमधून कॉपी करा आणि दोन्ही बाजूंना उलटं अवतरणचिन्ह, म्हणजे बॅकटिक लावा. व्हॉट्सअॅपवर ती मग वेगळ्या अक्षरांत दिसते आणि तिच्या आजूबाजूचा स्वल्पविराम किंवा अर्धविराम तिच्यात मिसळत नाही.

पाचही ओळी एकाच मेसेजमध्ये पाठवा. पाच सुटे मेसेज केले की मध्येच ‘थँक्यू’, ‘अगं पण’ येतं आणि पुन्हा वरसारखाच गुंता होतो. एकच मेसेज असला की समोरच्याला त्यावर तारा लावून ठेवता येतो. पिन करण्यापेक्षा तारा बरा, कारण पिन २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवसांनी निघून जाते, आणि फोनची ओळ तर सहा महिन्यांनी लागणार आहे. त्या ओळीसाठी भाचीला कॅलेंडरमध्येच आठवण लावायला सांगितलं.

पाठवल्यावर चूक दिसली तर १५ मिनिटांच्या आत व्हॉट्सअॅपवर तोच मेसेज दुरुस्त करता येतो. तेव्हा तसंच करा, पण दुरुस्त केल्याचं खाली एका शब्दात कळवा. तिने आधीची ओळ वाचून साखर मोजायलाही घेतली असेल. वेळ निघून गेली असेल तर ‘दुसऱ्या ओळीत बदल’ एवढंच लिहून थांबू नका. पूर्ण पाच ओळींचा दुरुस्त मेसेज पुन्हा पाठवा आणि जुना सगळ्यांसाठी डिलीट करा, म्हणजे तारा लावायला एकच मेसेज उरेल.

भाचीने उत्तरात विचारलं, ‘मावशी, पाकीट आणलंय आता, तेही १ लिटरमध्येच ना?’ पाकिटं वेगवेगळ्या मापांची असतात. १ लिटरची असतात तशी २०० मिलिलिटरचीही असतात. तिला पाकिटावरचं माप वाचायला सांगितलं आणि पहिली ओळ बदलून मेसेज पुन्हा पाठवला: ‘जुलाब: पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच स्वच्छ पाण्यात अख्खं पाकीट एकदम विरघळव, २४ तासांत न संपलेलं फेकून दे.’ घरच्या मिश्रणाचं माप त्यातून काढून टाकलं, कारण पाकीट हातात असताना ते तिथे राहिलं असतं तर कुणीतरी पाकिटातही साखर-मीठ घातलं असतं. धोक्याच्या खुणा मात्र त्याच ओळीच्या शेवटी जशाच्या तशा ठेवल्या.